वरच्या एसीच्या आउटडोअर युनिटपाशी गळणारे पाणी: तपासणीचा क्रम, खालच्या काकूंना पाठवलेले पत्र आणि ड्रेन पाइपाची कायमची सोय

लक्षणे

ही तक्रार जवळजवळ नेहमी खालच्या मजल्यावरून येते आणि बहुधा रात्रीचीच असते. साडेदहा-अकराच्या सुमारास वरचा एसी सुरू होतो, वीस-पंचवीस मिनिटांनी खालच्या खिडकीवरच्या पत्र्यावर टप टप आवाज येऊ लागतो आणि तो पहाटेपर्यंत थांबत नाही. एसी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थेंब विरळ होत जातात. सकाळी ग्रिलच्या आडव्या पट्टीवर पाणी साचलेले दिसते आणि दोरीवरचे कपडे नेमके एकाच जागी ओले झालेले असतात. महिना-दोन महिने असेच चालले की छज्ज्याच्या कडेला हिरवे शेवाळ धरते. पावसाळा संपून काही आठवडे झाले तरी खिडकीखालची भिंत हाताला गार लागत असेल आणि रंगाला फुगे येत असतील, तर पाणी भिंतीत मुरू लागले आहे असे समजावे.

ठाण्यातल्या आमच्या इमारतीत आणि नातेवाइकांकडे मिळून हा दोष मी आतापर्यंत पाच वेळा निस्तरला आहे. त्यातला एक आमच्याच घरचा होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, खाली पहिल्या मजल्यावर काकू राहतात आणि त्यांच्या खाली गाड्या लावण्याची मोकळी जागा आहे. पुढचे सगळे त्या एका उदाहरणाच्या आधाराने लिहितो, कारण तपासणीचा क्रम पाचही वेळा हाच होता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. खालून पाहणाऱ्याला पाणी आउटडोअर युनिटमधून पडताना दिसते, पण थंड हवा देणाऱ्या एसीचे आउटडोअर युनिट स्वतः पाणी तयार करत नाही. त्यातली कॉइल गरम असते, म्हणून तर ते गरम हवा बाहेर फेकते. पाणी तयार होते घरातल्या इनडोअर युनिटमध्ये. तिथली कॉइल साधारण 8 ते 12 अंशांवर असते, तर आपल्याकडच्या मे ते सप्टेंबरच्या दमट हवेतली वाफ 24-25 अंशांच्या आसपासच थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसू लागते. हे पाणी कॉइलखालच्या ट्रेमध्ये पडते, तिथून ड्रेन पाइपाने भिंतीच्या भोकातून बाहेर येते, आणि एसी बसवणाऱ्याने त्या पाइपाचे टोक आउटडोअर युनिटच्या बाजूला नुसते लोंबते सोडलेले असते. थंडीत खोली गरम करणाऱ्या एसीची गोष्ट वेगळी. त्या वेळी बाहेरची कॉइल थंड होते आणि पाणी खरोखरच आउटडोअरच्या तळातून गळते. ठाण्या-मुंबईत हा प्रसंग सहसा येत नाही.

पहिली तपासणी: वेळेची नोंद

याला एक पैसाही लागत नाही. खालच्या घरी विनंती करावी की दोन रात्री थेंब कधी सुरू झाले आणि कधी थांबले एवढेच लिहून ठेवा, आणि आपण एसी सुरू-बंद करण्याच्या वेळा लिहाव्यात. दोन्ही वेळा जुळल्या तर पाणी आपल्या एसीचे आहे. एसी दिवसभर बंद असूनही थेंब पडत असतील, तर एसीला हात लावू नये. कुंड्यांना घातलेले पाणी, बाथरूमच्या पाइपाचा गळका जोड किंवा आणखी वरच्या मजल्यावरचा एसी, यांपैकी काहीतरी असते.

ही पायरी कोणी वगळू नये, कारण माझ्या पाच प्रसंगांपैकी एकात दोष तिसऱ्या मजल्याचा निघाला होता. तिथले पाणी दुसऱ्या मजल्याच्या आउटडोअरच्या पत्र्यावर पडून मग खाली ओघळत होते आणि बोलणी दुसऱ्या मजल्यावरचे लोक खात होते. नोंद घेताना कोरडा दिवस निवडावा. पाऊस असेल तर आउटडोअरच्या तळाच्या भोकांतून पावसाचे पाणीही पडते आणि काहीच कळत नाही.

दुसरी तपासणी: थेंब नेमका कुठे धरतो

एसी अर्धा तास चालू द्यावा आणि खिडकीच्या आत उभे राहून, हात ग्रिलच्या बाहेर न काढता, मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून आउटडोअरच्या बाजूचा व्हिडिओ घ्यावा. खालून काकूंच्या खिडकीतूनही एक घ्यावा, तो बहुधा जास्त उपयोगी पडतो. पाहायच्या जागा तीनच आहेत: ड्रेन पाइपाचे टोक, आउटडोअरच्या बाजूचे तांब्याचे दोन पाइप जिथे व्हॉल्व्हला जोडलेले असतात ती जागा, आणि युनिटचा तळ.

पाइपाच्या टोकाला थेंब फुगून, क्षणभर लोंबून, तुटून पडताना दिसला तर काम सोपे आहे. व्हॉल्व्हपाशी काळा फोम फाटलेला असेल आणि उघड्या तांब्यावर मोत्यांसारखे थेंब धरून ते युनिटच्या कडेने ओघळत असतील, तर तो वेगळा दोष आहे. त्याला ड्रेन पाइपाचा उपाय चालत नाही, नवा फोम लावावा लागतो. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात. आमच्याकडे तसेच होते, पण ते नंतर लक्षात आले.

तिसरी तपासणी: पाणी मोजणे

आमच्या बेडरूमला बॉक्स ग्रिल आहे. ड्रेन पाइपाचे टोक ग्रिलमधून आत घेऊन ते एका लिटरच्या मोकळ्या बाटलीत सोडले. टोक भिंतीच्या भोकापेक्षा बरेच खाली राहील आणि बाटलीतल्या पाण्यात बुडणार नाही, एवढी काळजी घेतली. मे महिन्यात, दीड टनाच्या एसीवर, पहिली बाटली 50 मिनिटांत भरली. खोली थंड झाल्यावर वेग कमी झाला आणि साडेदहा ते साडेसहा या आठ तासांत मिळून सात लिटर पाणी जमले.

हा आकडा काढण्यामागे कारण आहे. पाइपाच्या तोंडावरचा थेंब मोठा असतो. दहा थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी एका लिटरचे 10,000 थेंब होतात. म्हणजे पहिल्या तासात काकूंच्या पत्र्यावर सेकंदाला तीन थेंब पडत होते आणि रात्रभरात सत्तर हजार. “एसीचे पाणी ते किती असणार” असे मीही आधी म्हणालो होतो. सात लिटर पाणी समोर पाहिल्यावर तसे म्हणता येईना.

मोजमापाचा दुसरा उपयोग तांत्रिक आहे. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक ते दोन लिटर पाणी काढतो, तेव्हा एवढे पाणी येणे हे एसी नीट चालत असल्याचेच लक्षण आहे. त्याउलट पाणी फार कमी येत असेल आणि मधूनच भसकन बरेचसे येत असेल, तर आतल्या कॉइलवर बर्फ धरून तो वितळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी फिल्टर धुवावेत. फिल्टर धुतल्यावरही बर्फ धरत असेल तर पुढचे काम मेकॅनिकचे.

चौथी तपासणी: आहे तो पाइप वाहतो का

मेन स्विच बंद करून एसी अर्धा दिवस तसाच ठेवावा. मग इनडोअरचे पुढचे झाकण उचलून फिल्टर काढावेत आणि कॉइलच्या मधल्या भागावर बारीक तोंडाच्या बाटलीने पेलाभर पाणी अगदी सावकाश सोडावे. उजव्या टोकाला बहुतेक युनिटमध्ये सर्किट असते, तिकडे पाणी जाऊ देऊ नये. मिनिट-दीड मिनिटात पाणी बाहेरच्या टोकातून आले तर पाइप मोकळा आहे. आले नाही, किंवा इनडोअरच्या खालून भिंतीवर आले, तर पाइपात बुळबुळीत शेवाळ अडकले आहे किंवा पाइप मध्येच झोळ पडून तिथे पाणी साठले आहे.

नवी लाइन टाकण्याआधी हे पाहणे आवश्यक आहे. मूळचा लवचीक पाइप तुंबलेला असताना त्याला पुढे आणखी सात मीटर पाइप जोडला, तर खालची गळती थांबते आणि आपल्या पलंगावर सुरू होते. बारीक तुंबारा असेल तर बाहेरच्या टोकाला ओले ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर दोन मिनिटे लावून मळ ओढून घेता येतो. तोंडाने किंवा पंपाने बाहेरून आत हवा मारू नये, कारण सगळा गाळ परत ट्रेमध्ये जातो.

पाइप कुठे न्यायचा

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आपल्याच ड्राय बाल्कनीतल्या किंवा बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपपर्यंत पाइप नेणे. त्यात कोणाची परवानगी लागत नाही आणि पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येते. मात्र पाइपाला उतार हवा. दर मीटरला एक सेंटिमीटर हा कमीत कमी, दोन असावा हे उत्तम. तीन-चार मीटरचे अंतर असेल तर सहा-आठ सेंटिमीटर उतार सहज मिळतो. आमच्या बेडरूमपासून ड्राय बाल्कनी नऊ मीटरवर आहे आणि मध्ये दोन तुळया येतात. उतार राखायचा तर पाइप दाराच्या चौकटीवर आडवा येत होता. म्हणून तो मार्ग सोडला.

काही जण तो पाइप संडासाच्या उभ्या लाइनला जोडतात. तसे करू नये. ट्रॅप नसल्याने तिथली दुर्गंधी ड्रेन पाइपाने वर येते आणि एसीच्या पंख्यातून खोलीभर पसरते. गच्चीवरून येणाऱ्या पावसाळी पाइपाला घट्ट जोडणेही धोक्याचे, कारण तो खाली तुंबला तर मोठ्या पावसात गच्चीचे पाणी आपल्या इनडोअरपर्यंत चढू शकते.

राहिला तो मार्ग म्हणजे आउटडोअरपासून सरळ खाली, काकूंच्या खिडकीच्या बाजूने, तळाच्या पावसाळी गटारापर्यंत स्वतंत्र उभा पाइप. यासाठी सोसायटीची लेखी परवानगी लागते, कारण बाहेरची भिंत सोसायटीची असते. आणि त्याहूनही आधी काकूंची संमती हवी, कारण पाइप त्यांच्या डोळ्यांसमोरून जाणार. मी त्यांना पाठवलेला मजकूर इथे पूर्ण देतो. वादाचा निरोप आणि उपायाचा निरोप यांत फरक पडतो तो तपशिलाने: काय पाहिले, आज काय केले, पाइप कुठून जाणार, त्यांच्याकडून काय हवे, हे त्यात असले पाहिजे.

> आदरणीय काकू, सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या खिडकीवरच्या पत्र्यावर रात्री पडणाऱ्या पाण्याबद्दल आपण रविवारी सांगितलेत, त्यानंतर मी तीन रात्री तपासणी केली. आपण लिहून दिलेल्या वेळा आणि आमचा एसी चालू असण्याच्या वेळा तंतोतंत जुळतात, म्हणजे पाणी आमच्याच एसीचे आहे. आठ तासांत सात लिटर पाणी पडते असे मोजून आढळले. आपल्याला इतके दिवस झोपेचा आणि कपड्यांचा त्रास झाला, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे.
>
> आज रात्रीपासून आम्ही त्या पाइपाचे टोक आमच्या ग्रिलमध्ये घेऊन दहा लिटरच्या कॅनमध्ये सोडले आहे. त्यामुळे पत्र्यावरचा आवाज आजच बंद व्हायला हवा. तरीही थेंब पडले तर कृपया रात्री कितीही वाजता फोन करावा, मी कॅन पाहून घेईन.
>
> ही सोय तात्पुरती आहे. कायमचा उपाय म्हणून आमच्या आउटडोअरपासून खाली गटारापर्यंत 32 मिलिमीटरचा पांढरा पीव्हीसी पाइप उभा टाकावा असे मी सुचवतो. तो आपल्या बेडरूमच्या खिडकीच्या डाव्या बाजूने, चौकटीपासून साधारण 30 सेंटिमीटर अंतरावरून जाईल. खिडकी उघडण्यास किंवा दोरी बांधण्यास त्याची अडचण होणार नाही. आपल्या मजल्याच्या उंचीत भिंतीला चार क्लॅम्प लागतील. त्यांची भोके दोन इंचांपेक्षा खोल नसतील आणि ती लगेच सीलंटने बंद केली जातील, म्हणजे तिथून पाणी मुरणार नाही.
>
> आपल्या एसीचे पाणीही सध्या मोकळेच खाली पडते. आपली इच्छा असेल तर त्याच पाइपाला आपल्या मजल्यावर एक जोड ठेवू, त्यात आपला ड्रेन पाइप सोडता येईल. तो जोड घट्ट बंद न ठेवता वरून उघड्या नरसाळ्यासारखा ठेवावा असे माझे मत आहे. त्याचे कारण प्रत्यक्ष दाखवून सांगेन. साहित्य आणि मजुरीचा सगळा खर्च आमचा राहील, आणि दर वर्षी मार्चमध्ये पाइप धुऊन घेण्याची जबाबदारीही आमची.
>
> आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. पाइपाच्या जागेला आपली संमती, म्हणजे मी सोसायटीकडे अर्ज देऊ शकेन. येत्या किंवा पुढच्या शनिवारी सकाळी 11 ते 1 या वेळेत काम केले तर चालेल का, ते कळवावे. त्या दिवशी खिडकी बंद ठेवावी आणि दोरीवरचे कपडे आत घ्यावेत. जागा पाहण्यासाठी उद्या संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटे खाली येऊ का?
>
> खिडकीखालच्या भिंतीला आलेली ओल पाणी थांबल्यावर लगेच जाणार नाही. ती सुकायला काही आठवडे लागतील. त्याआधी रंग दिला तर तो पुन्हा फुगेल. भिंत कोरडी झाली की तेवढ्या भागाचा रंग आम्ही करून देऊ.
>
> आपला,
> वरचा शेजारी

काकूंनी दुसऱ्या दिवशी होकार दिला, फक्त पाइप डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूने न्या असे सांगितले, कारण डावीकडे त्यांची तुळशीची कुंडी असते आणि सकाळचे ऊन तिथेच येते. उजवीकडून नेताना वर एक वळण जास्त लागले, एवढेच.

प्रत्यक्ष काम

आउटडोअरपासून गटारापर्यंत सात मीटर अंतर होते. तीन मीटरचे तीन पाइप आणले. एसी बसवताना मिळणारा नालीदार लवचीक पाइप बाहेर वापरू नये. उन्हाने तो दोन-तीन वर्षांत कडक होऊन चिरतो, आणि त्याच्या वळ्यांमध्ये शेवाळ बसते. बाहेर आलेला त्याचा लहान तुकडा तेवढा ठेवावा आणि उभ्या पाइपात सोडावा. वळणासाठी काटकोनी एल्बो एक लावण्याऐवजी 45 अंशांचे दोन लावावेत, कारण काटकोनात गाळ थांबतो. क्लॅम्प दर 60-70 सेंटिमीटरवर घ्यावेत, नाहीतर उन्हात पाइप वाकतो आणि वाऱ्यात भिंतीवर आपटून वेगळाच आवाज करतो.

उभ्या पाइपाचे वरचे तोंड बंद करू नये. तिथून हवा आत जायला हवी, नाहीतर पाणी गुडगुड करत अडखळत उतरते. वर टी लावून तिच्या एका तोंडातून आमचा लवचीक पाइप आत सोडला आणि दुसऱ्या तोंडावर डासांसाठी जाळी बसवली. लवचीक पाइप सॉल्व्हेंटने चिकटवला नाही, नुसता तीन इंच आत घातला. पुढे साफ करताना तो हाताने काढता येतो.

आता त्या उघड्या नरसाळ्याविषयी, कारण बरेच प्लंबर इथे चूक करतात. दोन मजल्यांचे एसी एकाच उभ्या पाइपाला घट्ट जोडले आणि तो पाइप तळाशी तुंबला, तर वरच्या एसीचे पाणी पाइपात साठत वर चढू लागते. ते आमच्या मजल्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याला खालच्या मजल्याचा जोड सापडतो. जोड घट्ट असेल तर पाणी त्यातून मागे काकूंच्या ड्रेन पाइपात शिरते, तो भरला की त्यांच्या इनडोअरच्या ट्रेमध्ये जाते आणि तिथून खोलीत येते. आम्ही ज्यांचा त्रास दूर करायला निघालो त्यांच्याच पलंगावर आमचे पाणी पडेल. म्हणून काकूंच्या मजल्यावर उभ्या पाइपाला तिरपा वाय जोडून त्याचे तोंड वर उघडे ठेवले, त्यावर 50 मिलिमीटरचा रिड्यूसर नरसाळ्यासारखा बसवला आणि त्यांचा ड्रेन पाइप त्याच्या तोंडाच्या चार-पाच सेंटिमीटर वर थांबवला. पाइपाचे टोक आणि नरसाळे यांच्यामध्ये मोकळी हवा आहे. खाली तुंबले तर पाणी या नरसाळ्यातून बाहेर सांडेल, ते दिसेल, पण घरात शिरणार नाही. प्लंबर म्हणाला की जोड घट्ट असला तर दिसायला स्वच्छ दिसतो. ते खरे आहे, तरीही नरसाळेच ठेवले.

तळाशी पाइपाचे टोक गटाराच्या जाळीच्या 15 सेंटिमीटर वर सोडले आणि ते तिरपे कापले. टोक पाण्यात किंवा चिखलात बुडले तर हवा अडते आणि पहिल्या मोठ्या पावसात गटार भरले की सगळीच लाइन थांबते. साहित्य आणि मजुरी मिळून आम्हाला 2,600 रुपये लागले. ठिकाणाप्रमाणे यात फरक पडेल.

काम झाल्यावर

पाइप सुरू करण्याआधी वरून दोन लिटर पाणी एकदम ओतले आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवला. बारीक ओल डोळ्यांना दिसत नाही, टिश्यूला लगेच कळते. खालच्या टोकाला दोन लिटर पाणी परत मोजून घेतले. पाव लिटरच्या आसपास कमी भरले असते तर मध्ये कुठे झोळ आहे असे समजलो असतो.

त्या रात्री काकूंचा निरोप आला की आवाज जवळजवळ गेला, पण सात-आठ सेकंदांनी एक थेंब अजून पडतो आहे. ड्रेन पाइपातून एक थेंबही बाहेर येत नव्हता. सकाळी त्यांच्या खिडकीतून घेतलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा व्हॉल्व्हपाशी जाड तांब्याच्या पाइपावरचा फोम वीतभर उघडा पडलेला दिसला. त्या उघड्या तांब्यावर थेंब धरत होते. आधी ड्रेनच्या पाण्याच्या गडबडीत ते लपून गेले होते. मेकॅनिकने जुना कुजलेला फोम काढून 9 मिलिमीटर जाडीचा नवा फोम व्हॉल्व्हच्या नटापर्यंत ओढून घेतला आणि त्यावर पांढरी टेप खालून वर गुंडाळली. टेप खालून वर गुंडाळली की वरचा प्रत्येक वेढा खालच्यावर येतो आणि पावसाचे पाणी आत शिरत नाही. त्यानंतर पत्रा कोरडा राहिला. काकूंची भिंत सुकायला पावसाळा मध्ये आल्याने नोव्हेंबर उजाडला, आणि मग रंग दिला.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

छज्ज्यावर, ग्रिलवर किंवा आउटडोअरच्या लोखंडी ब्रॅकेटवर स्वतः कधीही पाय ठेवू नये. छज्ज्याच्या काँक्रीटमधले लोखंड आतून गंजलेले असू शकते आणि ते वरून कळत नाही. ग्रिलच्या आतून हात पोहोचत नाही असे प्रत्येक काम शिडी किंवा परांची आणि सेफ्टी बेल्ट असलेल्या प्लंबरचेच आहे. बेल्ट आणला नसेल तर त्या दिवशी काम करू देऊ नये.

पुढील गोष्टी दिसल्या तर एसी बंद करून मेकॅनिकला बोलवावे: बारीक तांब्याच्या पाइपावर पांढरा बर्फ धरणे, व्हॉल्व्हपाशी तेलकट डाग दिसणे (हे दोन्ही गॅस कमी झाल्याचे किंवा गळत असल्याचे लक्षण असते), किंवा ड्रेन पाइप मोकळा असूनही इनडोअरमधून पाणी पडणे. या शेवटच्या प्रकारात ट्रे चिरलेला असतो किंवा युनिट उलट्या बाजूला कललेले असते, आणि ते भिंतीवरून उतरवल्याशिवाय दुरुस्त होत नाही. पाणी बोर्डाच्या, वायरिंगच्या किंवा प्लगच्या जवळ पोहोचले असेल तर आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आणि एसी आठवडाभर बंद ठेवूनही खालच्या भिंतीची ओल वाढतच असेल, तर ड्रेन पाइपाचा विषय सोडून द्यावा. ते पाणी भिंतीतल्या नळाच्या लाइनचे किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या भेगेचे आहे. त्यासाठी सोसायटीकडे लेखी अर्ज देऊन इमारतीची पाहणी करणाऱ्या इंजिनिअरला बोलवायला सांगावे.